न्यूट्रलला एनईआर आल्यावर अर्थ फॉल्टच्या जुन्या सेटिंग चालतात का?

प्रश्न: आमच्या 33/6.6 केव्ही, 10 एमव्हीए ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल आधी थेट अर्थ होता. आता 400 अँपिअर, 10 सेकंदांचा एनईआर, म्हणजे न्यूट्रल अर्थिंग रेझिस्टर, बसवलाय. फीडरच्या अर्थ फॉल्ट सेटिंग तशाच ठेवल्या तर चालेल का?

उत्तर: नाही, तशा ठेवू नका. मी अशाच एका कारखान्यात ही चूक पाहिली आहे.

फेज व्होल्टेज 3810, त्याला 400 ने भागलं की रेझिस्टर साधारण 9.5 ओहमचा येतो. आता कितीही पक्का अर्थ फॉल्ट झाला तरी करंट 400 च्या वर फारसा जाणार नाही. ट्रान्सफॉर्मरचा फुल लोडच 875 अँपिअर आहे, त्यामुळे इनकमरच्या ओव्हरकरंट रिलेला असा फॉल्ट जाणवतही नाही. जुनी इन्स्टंटेनियस सेटिंग हजार-दोन हजारांवर असेल तर ती आता कधीच चालणार नाही.

त्या कारखान्यात फीडरचा सीटी 800/1 होता आणि अर्थ फॉल्ट 40 टक्क्यांवर, म्हणजे 320 अँपिअरवर. स्टँडर्ड इन्व्हर्स कर्व्ह, टाइम मल्टिप्लायर 0.2. केबलचा जॉइंट गेला, करंट 400 आला, म्हणजे पिकअपच्या फक्त सव्वापट. त्या हिशोबाने फीडर ट्रिप व्हायला सहा सेकंदांहून जास्त लागतात. न्यूट्रलवरचा स्टँडबाय रिले 3 सेकंदांवर होता. त्याने आधीच ट्रान्सफॉर्मर बंद केला आणि सगळा बोर्ड अंधारात गेला. फॉल्टमध्ये थोडा रेझिस्टन्स असता तर फीडरने पिकअपही घेतलं नसतं.

फॉल्ट बसवर असो की केबलच्या टोकाला, 9.5 ओहमपुढे केबलचा इम्पिडन्स नगण्य असतो आणि करंट जवळपास तेवढाच राहतो. म्हणून इथे करंटवर ग्रेडिंग जमत नाही, वेळेवर करावं लागतं. नंतर आम्ही फीडरला सीबीसीटी, म्हणजे तिन्ही फेजना मिळून वेढणारा एकच सीटी, लावून 40 अँपिअर, 0.2 सेकंद डेफिनिट टाइम दिला. इनकमरला 100 अँपिअर, 0.6 सेकंद. न्यूट्रल सीटीवरच्या स्टँडबायला 40 अँपिअर, 1.2 सेकंद, आणि ट्रिप 33 केव्हीच्या ब्रेकरला, कारण ट्रान्सफॉर्मर ते इनकमर यांच्यातला फॉल्ट इनकमर उघडून तुटत नाही. 10 सेकंदांच्या रेझिस्टरला एवढा वेळ सहज झेपतो.

40 अँपिअर का? मोटरच्या स्टार वाइंडिंगमध्ये फॉल्ट स्टार पॉइंटजवळ सरकेल तसा करंट घटतो. 400 च्या दहा टक्क्यांवर सेटिंग असेल तर ढोबळमानाने नव्वद टक्के वाइंडिंग कव्हर होते. त्याहून खाली जायचं तर दुसऱ्या फीडरवरच्या फॉल्टच्या वेळी आपल्या केबलचा कपॅसिटिव्ह करंट किती वाहतो ते आधी काढा, नाहीतर चांगला फीडर उगाच ट्रिप होईल.

सीबीसीटी बसवताना केबलच्या आर्मरची अर्थ वायर आतून गेली असेल तर तीच वायर पुन्हा उलट आतून आणून मग अर्थ करा. हे राहिलं तर आर्मरमधून परतणारा करंट फॉल्टचा करंट खोडतो आणि रिले गप्प बसतो.

रेझिस्टरचं एखादं एलिमेंट तुटलं तर न्यूट्रल मोकळा होतो आणि करंटवर चालणारे हे सगळे रिले जवळजवळ निकामी होतात. रोजच्या कामात त्याची काहीच खूण दिसत नाही. शटडाऊनमध्ये ओहम मोजा, आणि बसच्या ओपन डेल्टा पीटीवर न्यूट्रल डिस्प्लेसमेंट रिले ठेवाच.