जादा कामाला नकाराचं पत्र

प्रश्न: मी सीनियर अकाउंटंट आहे. स्टोअरकीपर सोडून गेला, आता स्टोअरही माझ्याच गळ्यात घालतायत. नकार कसा लिहू?

उत्तर: आधी नेमणूकपत्र काढा. त्यात 'व्यवस्थापन सोपवेल ती इतर कामे' असं असेल, तर 'हे माझं काम नाही' म्हणून भागणार नाही. कारण द्या. मी असं लिहीन:

"महोदय, स्टोअरबाबतचा आपला मेल मिळाला. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रं माझ्याकडे असतात. शिवाय माल सांभाळणारा आणि त्याच्या नोंदी करणारा एकच असला, तर ऑडिटर हरकत घेतात. त्यामुळे ही जबाबदारी मी स्वीकारू शकत नाही. महिनाअखेरच्या मोजणीला मात्र जरूर हजर राहीन."

'सध्या जमणार नाही' लिहू नका; पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतील. आणि तोंडी सांगू नका, मेलच करा.