आरोप तीन, तर उत्तरंही तीन

प्रिय मुली,

कंपनीच्या कारणे दाखवा नोटिशीला उत्तर म्हणून तू काल रात्री पाठवलेला मसुदा वाचला. तीन पानं. त्यात आईचं आजारपण आहे, चार वर्षांची सचोटी आहे, सुपरवायझरचा पक्षपात आहे. नोटिशीतल्या तीन आरोपांचं उत्तरही आहे, पण ते हुडकावं लागतं. एचआरमधला माणूस हुडकत बसत नाही. त्याच्या एका हाताला नोटीस असते. तो आरोप क्र. १ वर बोट ठेवतो आणि तुझ्या कागदावर क्र. १ बघतो. दिसला नाही की शेरा मारतो: ‘खुलासा असमाधानकारक.’ म्हणून ज्या क्रमांकाचा आरोप, त्याच क्रमांकाखाली उत्तर. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

आधी तारखा. नोटीस ९ सप्टेंबरची, तुझ्या हाती आली ११ ला, आणि मुदत ‘मिळाल्यापासून तीन दिवस’. नोटीस घेताना सहीखाली तारीख आणि वेळ लिहिलीस हे बरं केलंस. ती सही म्हणजे कागद मिळाल्याची पोच, आरोपाची कबुली नव्हे. नोटीस घ्यायचीच नाही हा मैत्रिणीचा सल्ला चुकीचा होता. आता आजच दोन ओळींचा अर्ज दे: ऑगस्टचा पंचिंग रिपोर्ट आणि सुपरवायझरच्या लेखी तक्रारीची प्रत मिळावी, आणि त्या मिळाल्यापासून तीन दिवसांची मुदत मिळावी. अर्ज मुदत संपायच्या आत गेला पाहिजे. पण वाढीव मुदत मिळेलच असं धरू नकोस. उत्तर १४ तारखेच्या हिशेबानेच तयार ठेव.

आरोप क्र. १: ऑगस्टमध्ये ११ दिवस उशीर. यावर तू लिहिलंयस, ‘बस वेळेवर येत नाही, सगळेच उशिरा येतात.’ खोडून टाक. सगळे येतात हा बचाव नाही, दुसऱ्यांची चुगली आहे. तू पाठवलेल्या पंचिंगच्या नोंदी पाहिल्या तर हिशेब सरळ आहे. शिफ्ट ९ची, कंपनीच्याच परिपत्रकाप्रमाणे १० मिनिटांची सवलत. तीन दिवस तू ९:०४, ९:०७ आणि ९:०९ ला आलीस, म्हणजे सवलतीत. दोन दिवस सकाळी ट्रान्सपोर्टरच्या गोदामावर होतीस, त्याच्या आउटडोअर ड्यूटीच्या स्लिपा आहेत. उरले सहा दिवस, १२ ते ३५ मिनिटं उशीर. ते मान्य कर. लिही: ‘नमूद ११ दिवसांपैकी ६ दिवस मला उशीर झाला, हे मान्य आहे. उरलेल्या ५ दिवसांचा तपशील सोबतच्या तक्त्यात देत आहे.’ अकराही तारखांचा तक्ता जोड, परिशिष्ट १-अ म्हणून. स्लिपांच्या प्रती १-आ. परिशिष्टांनाही आरोपाचाच क्रमांक. सहा दिवस मान्य केल्याने तुझे पाच दिवस खरे वाटतात, हे तुला पटत नाहीये, मला दिसतंय. तरी तसंच लिही.

आरोप क्र. २: १८ ते २० ऑगस्ट विनापरवानगी गैरहजेरी. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या कालवल्या आहेस. कळवलं होतं का, आणि रजेचा अर्ज दिला होता का. कळवलं होतंस, १८ ला सकाळी ७:४८ ला सुपरवायझरला मेसेज. त्याचा स्क्रीनशॉट तारीख, वेळ आणि नंबर दिसेल असा काढ. नुसता मजकूर कापून लावलास तर त्याला किंमत नाही. आईचं डिस्चार्ज कार्ड जोड, पण झेरॉक्स. मूळ कागद कधीही हातचा सोडायचा नाही. अर्ज मात्र तू परत आल्यावरही भरला नाहीस. तेवढी त्रुटी मान्य कर आणि तीन दिवस रजेत धरण्याची विनंती याच परिच्छेदात कर, शेवटी नाही.

नोटिशीत स्थायी आदेशांचं, म्हणजे कंपनीच्या सेवानियमांचं, कलम दिलंय. कंपनीचे स्थायी आदेश सूचना फलकाजवळ असतात. नसतील तर माग आणि ते कलम शब्दशः वाच. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४६च्या कायद्याखालच्या केंद्रीय नमुना स्थायी आदेशांत रजेशिवाय १० दिवसांहून अधिक गैरहजेरी किंवा वारंवार गैरहजेरी हे गैरवर्तन होतं. तुमच्याकडेही तसंच असेल तर तीन दिवसांची, कळवलेली गैरहजेरी त्यात कशी बसते हे त्यांना सांगावं लागेल. पण आधी वाच. न वाचता कलमांवर वाद घालू नकोस.

आरोप क्र. ३ सगळ्यात अवघड, आणि तू तो सगळ्यात घाईत लिहिलायस. ‘२६ ऑगस्ट रोजी वरिष्ठांचा आदेश नाकारला व उद्धट भाषा वापरली.’ कोणता आदेश, कोणते शब्द, कोणासमोर, नोटिशीत काहीच नाही. म्हणून पहिलं वाक्य: ‘सदर आरोपात वेळ, ठिकाण आणि वापरलेले शब्द नमूद नाहीत, तो तपशील मिळावा.’ मात्र एवढ्यावर थांबायचं नाही. अनुत्तरित आरोप मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं. म्हणून पुढे, ‘तपशील मिळण्याच्या अधीन राहून’, तुझ्या माहितीतलं सांग: सायंकाळी ५:२० ला डिस्पॅच बेवर फोर्कलिफ्ट चालवायला सांगितलं, तुला तिचं प्रशिक्षण नाही, तू ऑपरेटरला बोलवायला सांगितलंस आणि स्वतः चलनं बनवण्याची तयारी दाखवलीस. तिथे लोडिंगचे दोघे हजर होते. त्यांना आधी विचार, मगच नावं घाल. आवाज चढला होता असं तूच मला फोनवर म्हणालीस. मग तेही लिही: ‘बोलताना माझा आवाज चढला, याचा मला खेद आहे. उद्धट भाषा वापरल्याचा आरोप मी नाकारते.’

आणि आता ती शेवटची ओळ: ‘झाल्या सर्व चुकांबद्दल मनापासून माफी मागते.’ अगं, वर तिसरा आरोप नाकारलास आणि खाली ‘सर्व’ म्हणून तो कबूल केलास! चौकशी लागली तर हीच ओळ वाचून दाखवतील. खेद ज्याच्या त्याच्या क्रमांकाखाली, जेवढं मान्य केलं तेवढ्यापुरता. मी नोटिशीच्या त्या बाजूला बसून खुलासे वाचलेत. ही एक ओळ चांगल्या उत्तराचं काय करते ते मला ठाऊक आहे, म्हणून आवाज चढतोय. माझाही.

सुपरवायझरच्या पक्षपाताचं काय, असं विचारशील. खरं असेल, पण त्याला नोटिशीत क्रमांक नाही, म्हणून उत्तरात जागा नाही. वेगळी तक्रार, वेगळ्या तारखेला.

शेवटच्या परिच्छेदात एवढंच: आरोप २ आणि ३ मागे घ्यावेत, आरोप १ मधली मान्य बाब सहानुभूतीने पाहावी, पुढे चौकशी करायचं ठरल्यास म्हणणं मांडण्याची संधी द्यावी. नोटिशीत चोरी, अफरातफर किंवा छळाचा आरोप असता तर मी तुला एक अक्षरही वकिलाला दाखवल्याशिवाय लिहू दिलं नसतं. इथे तसं नाही.

विषयाच्या ओळीत नोटिशीचा जावक क्रमांक आणि तारीख घाल, पत्र नोटिशीवर सही करणाऱ्याच्याच नावे कर. दोन प्रती काढ, प्रत्येक पानावर सही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालू नकोस. त्याच दिवशी ईमेल कर आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठव. दीड पानात बसलं पाहिजे. नवा मसुदा उद्या दुपारपर्यंत धाड, आणि त्यात १, २, ३ मला डावीकडच्या कडेला दिसू देत.

तुझी,
मावशी