रिकामी मज्जा: अप्लास्टिक अ‍ॅनिमिया की एमडीएस?

प्रश्न: बाबांचं वय 56. हिमोग्लोबिन 7.1, पांढऱ्या पेशी 2100, प्लेटलेट 14 हजार. बायोप्सीत ‘हायपोसेल्युलर मॅरो, 10 टक्के’ आलंय. एक डॉक्टर अप्लास्टिक म्हणतात, दुसरे एमडीएस. कोण बरोबर?

एमडीएस म्हणजे मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम. नेहमीच्या एमडीएसमध्ये हा वाद होत नाही. तिथे हाडातली मज्जा भरलेली असते. पेशी तयार होतात, पण त्या बिघडलेल्या असतात आणि रक्तात उतरण्याआधीच मरतात. अप्लास्टिकमध्ये शरीराच्याच टी-पेशी मज्जेतल्या मूळपेशी मारतात आणि त्यांची जागा चरबी घेते. घोळ होतो तो साधारण दहातल्या एक-दोन एमडीएस रुग्णांत, कारण त्यांची मज्जाही रिकामीच दिसते. वय 100 मधून वजा केले की त्या वयाला साजेशी भरण अंदाजे कळते. 56 व्या वर्षी ती 44 टक्क्यांच्या आसपास हवी, म्हणून 10 खरोखरच कमी आहे. पण या आकड्यावरून आजाराचे नाव ठरत नाही.

नाव ठरते उरलेल्या पेशींवरून. लाल पेशींच्या पूर्वपेशी थोड्या वेड्यावाकड्या दिसल्या म्हणून एमडीएस म्हणू नये, तशा त्या अप्लास्टिकमध्येही दिसतात. प्लेटलेट बनवणाऱ्या मेगाकॅरिओसाइट मात्र बुटक्या आणि एकाच केंद्रकाच्या असल्या, न्यूट्रोफिलमधले कण गायब असले किंवा केंद्रक चष्म्यासारखे दोनच पाळ्यांचे असले, तर पारडे एमडीएसकडे झुकते. बायोप्सीच्या तुकड्यावर सीडी 34 चा रंग लावून घ्या, त्याने मूळपेशी दिसतात. अप्लास्टिकमध्ये या पेशी जवळपास नाहीशा झालेल्या असतात. एमडीएसमध्ये त्या टिकून असतात किंवा वाढलेल्या, कधी घोळक्याने बसलेल्या दिसतात. गुणसूत्रांच्या तपासणीत 7 क्रमांकाच्या जोडीतले एक गायब असेल, तर वाद तिथेच संपतो: एमडीएस.

वाद मिटेपर्यंत आजाराची तीव्रता तरी मोजून ठेवा. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात न्यूट्रोफिल 20 टक्के आहेत, म्हणजे 2100 पैकी 420. रेटिक, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशी, 0.5 टक्के आणि एकूण लाल पेशी 20 लाख, म्हणजे रेटिक 10 हजार. अप्लास्टिकला ‘तीव्र’ म्हणायला रिकाम्या मज्जेसोबत तीनपैकी दोन गोष्टी लागतात: न्यूट्रोफिल 500 च्या खाली, प्लेटलेट 20 हजारांच्या खाली, रेटिक 20 हजारांच्या खाली (मशीनने मोजले असल्यास 60 हजार). इथे तिन्ही आहेत. न्यूट्रोफिल 200 च्या खाली गेले की ‘अतितीव्र’. रिपोर्टात टक्के ठळक छापतात, पण जीव अवलंबून असतो तो या गुणाकारावर. म्हणूनच ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. घरी गोळी देऊन ताप उतरवत न बसता थेट इमर्जन्सीत न्या. शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवे.

प्रश्न: बी-12 कमी निघालं होतं. चार इंजेक्शनं झाली, फरक नाही. अजून द्यावीत का?

बी-12 च्या कमतरतेने तिन्ही पेशी कमी होतात हे खरे, आणि आपल्याकडे ते कारण आधी तपासायलाच हवे. पण त्यात मज्जा ओसंडून भरलेली असते आणि इंजेक्शननंतर आठवड्याभरात रेटिक उसळतात. मज्जा रिकामी आहे आणि रेटिक हलले नाहीत, तर बी-12 हा सोबतचा दोष समजावा. तो भरून काढा, पण त्यासाठी पुढचा तपास थांबवू नका.

प्रश्न: बायोप्सी पुन्हा करायची म्हणतात. पहिल्यांदाच इतका त्रास झाला. खरंच गरज आहे का?

पहिल्या रिपोर्टात दोन गोष्टी पाहा. एक, तुकड्याची लांबी. ती किमान दीड-दोन सेंटिमीटर हवी. हाडाच्या सालीलगतची मज्जा वयानुसार तशीही विरळ असते, त्यामुळे 8 मिलिमीटरच्या तुकड्यात निरोगी माणूसही ‘रिकामा’ दिसू शकतो. दोन, कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी. रिकाम्या मज्जेतून विभाजित होणाऱ्या पेशी पुरेशा मिळत नाहीत आणि ‘मेटाफेज मिळाल्या नाहीत’ असा शेरा येतो. त्याचा अर्थ ‘नॉर्मल’ असा नव्हे, पण फाइलमध्ये तो तसाच वाचला जातो. अशा वेळी 5 आणि 7 क्रमांकांच्या गुणसूत्रांसाठी फिश तपासणी मागावी. तिला विभाजित पेशी लागत नाहीत. लांबी आणि कॅरिओटाइप दोन्ही ठीक असतील, तर लगेच दुसऱ्यांदा सुई टोचण्याआधी जुन्या काचा मज्जेच्या आजारांत मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा.

प्रश्न: फ्लो सायटोमेट्रीत ‘पीएनएच क्लोन 1.8 टक्के’ आलाय. हा तिसरा आजार का?

बहुतेक वेळा नाही. पीएनएच हा लाल पेशी रक्तातच फुटण्याचा आजार. त्याच्या पेशींवर ठरावीक प्रथिने नसल्याने टी-पेशींच्या हल्ल्यातून त्या निसटतात आणि मागे उरतात. त्यामुळे छोटा क्लोन म्हणजे मज्जेवर प्रतिकारशक्तीचा हल्ला झाल्याची खूण. अप्लास्टिकच्या जवळपास निम्म्या रुग्णांत तो सापडतो. मात्र काही एमडीएसमध्येही दिसतो, तेव्हा एकट्या त्याच्यावर निर्णय नको. क्लोन वाढतोय का हे पाहायला तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करतात. सकाळी लघवी कोकमासारखी गडद झाली किंवा पेशी फुटल्याची खूण असलेला एलडीएच वाढला, तर लगेच दाखवा.

प्रश्न: माझा सख्खा भाऊ रक्त द्यायला तयार आहे. ब्लड बँकेपेक्षा घरचं बरं ना?

इथे घरचे नको. पुढे त्याच भावाची मज्जा लागू शकते, आणि आधी त्याचे रक्त चढवले तर तुमचे शरीर त्याच्या पेशींविरुद्ध सज्ज होऊन प्रत्यारोपण नाकारण्याचा धोका वाढतो. रक्त व प्लेटलेट अनोळखी दात्याचे, पांढऱ्या पेशी गाळलेले आणि शक्य तिथे किरणोत्सार दिलेले घ्या. भावाने रक्तपेढीत जाण्याऐवजी मज्जा जुळते का हे पाहणारी एचएलए तपासणी करून घ्यावी. तरुण रुग्णाला तीव्र अप्लास्टिक असेल आणि भावाशी जुळणी पूर्ण असेल, तर प्रत्यारोपण हाच पहिला उपचार. 40 च्या पुढे सहसा आधी औषधे. मात्र रुग्ण लहान किंवा तरुण असेल, तर भावाला दाता ठरवण्याआधी रुग्णाची आनुवंशिक फॅन्कोनी अ‍ॅनिमियासाठी क्रोमोसोम ब्रेकेज तपासणी झालीच पाहिजे. ती सदोष आली तर भावाचीही करावी. फॅन्कोनीच्या रुग्णाला नेहमीच्या मात्रेची केमोथेरपी झेपत नाही.

प्रश्न: एटीजी होऊन दोन महिने झाले. प्लेटलेट अजून 12 हजार. सायक्लोस्पोरिनने हिरड्या सुजल्यात. बंद करू का?

नका करू. घोड्याच्या सीरमपासून केलेले, टी-पेशींना मारणारे एटीजी चार दिवस, रोज किलोमागे 40 मिलिग्रॅम देतात. त्याचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. टी-पेशींना दाबून ठेवणारे सायक्लोस्पोरिन मध्येच तोडले तर आलेला प्रतिसादही परत जाऊ शकतो. ते नंतर महिनोन्‌महिने हळूहळू उतरवतात. हिरड्यांसाठी मऊ ब्रश वापरा आणि मात्रा तपासून घ्या: रक्ताचा नमुना सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचा, नाहीतर आकडा फसवा येतो. क्रिएटिनिन आणि रक्तदाब सोबतच पाहतात. व्होरिकोनॅझोलसारखे बुरशीवरचे औषध सुरू झाले असेल तर डॉक्टरांना सांगा, त्याने सायक्लोस्पोरिनची पातळी चढते.

सहा महिन्यांनीही रक्त वाढले नाही, किंवा वाढून पुन्हा घसरले, तर बायोप्सी आणि कॅरिओटाइप पुन्हा करावे लागतात. काही अप्लास्टिक रुग्णांत वर्षांनंतर एमडीएस उभा राहतो, आणि काहींत तो सुरुवातीपासूनच होता पण ओळखला गेला नव्हता. 7 क्रमांकाचे एक गुणसूत्र गेलेले किंवा ब्लास्ट या अपरिपक्व पेशी वाढलेल्या दिसल्या, तर पेशी वाढवायला दिलेले एल्ट्रोम्बोपॅग थांबवतात आणि प्रकृती साथ देत असेल तर दाता शोधायला घेतात. प्रत्यारोपण शक्य नसेल, तर अ‍ॅझासायटिडिनची सात दिवसांची फेरी दर 28 दिवसांनी देतात.