'फुलराणी' की बॅडमिंटनपटू?

प्रश्न: मी धरणगाव तालुक्यातून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. शालेय बॅडमिंटन स्पर्धेच्या बातमीत मी लिहिले होते, '१४ वर्षांखालील मुलांमध्ये अमुकने जोरदार स्मॅशच्या बळावर २१-१५, २१-१८ असा विजय मिळवला. मुलींमध्ये नाजूक बांध्याची, हसऱ्या चेहऱ्याची फुलराणी तमुक हिने सर्वांची मने जिंकत विजेतेपद पटकावले.' मथळा होता 'खान्देशच्या फुलराणीची बाजी'. शाळेच्या क्रीडाशिक्षिकांनी फोन करून नाराजी कळवली. शब्द आमच्याच गावच्या बालकवींचा आहे आणि सायना नेहवाललाही सगळे फुलराणीच म्हणत. मग चुकले काय? 'टेनिससुंदरी', 'सुवर्णकन्या' हे शब्द तरी चालतात का?

उत्तर:

भाऊ, शब्द अशुद्ध नाही. तो सुंदर आहे आणि त्याच्यावर धरणगावचा पहिला हक्क आहे, हेही खरं. तरीही मला क्रीडाशिक्षिकांचं म्हणणं पटतं. तुमच्या वाक्यात हा शब्द कोणाच्या जागेवर बसलाय, ते पाहिलं की त्यांची नाराजी कळते.

आधी तो क्रीडापानावर आला कसा, ते पाहू. बॅडमिंटनच्या शटलला आपल्याकडे 'फूल' म्हणतात. बुचात खोचलेली सोळा पिसं उलट्या फुलासारखी दिसतात, म्हणून ते नाव. फुलाने खेळते ती फुलराणी, असा कुणा बातमीदाराला श्लेष सुचला आणि तो चालला. श्लेष म्हणून तो चपखलच आहे. पण मराठी वाचकाच्या कानावर हा शब्द शाळेच्या वयातच बालकवींकडून पडलेला असतो आणि तिथला सगळा अर्थ तो सोबत घेऊन येतो. कवितेतली फुलराणी ही हिरवळीवरची साधीभोळी कळी आहे. संध्याकाळचा वारा तिला चिडवतो, ती लाजते आणि सकाळी सूर्यकिरणाशी तिचं लग्न लागतं. निसर्गाच्या कवितेत हे विलक्षण गोड आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या सामन्याच्या बातमीत मात्र त्यातून नाजूकपणा, लाजाळूपणा आणि नवरीपण एवढंच उरतं. कोर्टावरचं फूल तर मुळीच नाजूक नसतं. ते जेमतेम पाच ग्रॅमचं, पण मलेशियाच्या पर्ली टॅनने २०२३ मध्ये मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ४३८ किलोमीटर मोजला गेलाय.

सायनाचा दाखला तुम्ही दिलात, त्यात एक फरक आहे. २००९ मध्ये तिने इंडोनेशियाची सुपर सिरीज जिंकली, २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकचं कांस्य मिळवलं, २०१५ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिली आली. तिला फुलराणी म्हटलं तेव्हा त्या शब्दामागे काय उभं आहे, ते वाचकाला ठाऊक होतं. रोज पानभर तिच्या खेळाबद्दल छापून येत होतं, त्यात एक लाडाचं नाव खपून गेलं. मला ते तेव्हाही आवडत नव्हतं, पण तिच्या खेळाची नोंद त्याने बुडाली नाही. तुमच्या तालुक्यातल्या मुलीला मिळालंय एकच वाक्य. त्या वाक्यात तिचा बांधा आहे, चेहरा आहे, लोकांची मनं आहेत. गुणसंख्या नाही. फटका नाही. समोर कोण होतं, तेही नाही. मुलाच्या वाक्यात हे जवळपास सगळं आहे. क्रीडाशिक्षिकांनी दोन्ही वाक्यं एकाखाली एक वाचली असणार, म्हणूनच फोन आला.

आता 'टेनिससुंदरी'. शाळेत शिकलेला तत्पुरुष समास आठवा. त्यात दुसरं पद प्रधान असतं, पहिलं त्याला विशेष करतं. राजवाडा हा वाडा असतो, राजा नसतो. त्याच हिशेबाने टेनिसपटू म्हणजे टेनिसमध्ये पटू. पटू म्हणजे निपुण, आणि हे पद बाई-पुरुष दोघांनाही चालतं. टेनिससुंदरी ही मात्र आधी सुंदरी, आणि टेनिस हे तिचं विशेषण. म्हणजे कौशल्य सांगणारं पद काढून त्याच खुर्चीत रूप बसवलं. 'सुंदरी' जोडून केलेल्या खेळाडूंच्या सगळ्या शब्दांचं असंच होतं, म्हणून मी ते बातमीत कधीच वापरणार नाही. पुरुष खेळाडूसाठी असा जोडशब्द आपण कधी केलाच नाही, यावरूनही त्याचं काम ओळखता येतं.

या शब्दाने काय होतं, ते अ‍ॅना कुर्निकोव्हाच्या बाबतीत दिसलं. आपल्याकडेही तिचे फोटो किती छापले गेले, ते माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. तिला एकेरीचं एकही डब्ल्यूटीए विजेतेपद मिळालं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, कारण 'रूप आहे, खेळ नाही' या गोष्टीत ते बसतं. पण मार्टिना हिंगिसबरोबर तिने १९९९ आणि २००२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं, दुहेरीच्या क्रमवारीत ती जगात पहिली होती आणि एकेरीतही आठव्या क्रमांकापर्यंत पोचली होती, हे कितीजण सांगतील? रूपाचं कौतुक एवढं झालं की खरी कामगिरी त्याखाली गाडली गेली. कौतुकानेही अन्याय होतो तो असा.

'सुवर्णकन्या' तुलनेने निरुपद्रवी आहे. सोनं पदकाचं, म्हणजे कामगिरीचं आहे. फक्त तीस वर्षांच्या बाईला कन्या म्हणू नये, आणि पदक सोन्याचं असेल तरच म्हणावं.

टोपणनाव द्यायलाच नको, असं मात्र मी म्हणत नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊतला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणतात. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्य जिंकलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. त्या नावात गाव आहे आणि वेग आहे. पी. टी. उषाच्या 'पय्योळी एक्स्प्रेस'च्या वळणावरचं ते नाव आहे, आणि आपल्या पाड्यांवरच्या मुली ते अभिमानाने घेतात. ते ऐकून कुणी आरशात पाहत नाही.

विशेषणांइतकंच तुमच्या क्रियापदांकडेही पाहा. मुलाने 'विजय मिळवला', मुलीने 'मने जिंकली'. केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या सुमारास खेळांविषयीच्या इंग्रजी मजकुराचे कोट्यवधी शब्द तपासले होते. पुरुषांच्या आसपास वेगवान, बलवान, महान या अर्थाचे शब्द सापडले, तर स्त्रियांच्या आसपास वय, लग्न, गरोदरपण यांचे. पुरुष हरवतात, वर्चस्व गाजवतात, आणि स्त्रिया भाग घेतात, धडपडतात. भाषा दुसरी, पण सवय ओळखीची आहे.

याचा मुलींवर काय परिणाम होतो, हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा भाग आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डॅनियल्स यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांनी किशोरवयीन आणि कॉलेजातल्या मुलींना खेळाडू स्त्रियांचे वेगवेगळे फोटो दाखवले आणि नंतर स्वतःबद्दल लिहायला सांगितलं. खेळाडू प्रत्यक्ष खेळताना दिसत होती, ते फोटो पाहिलेल्या मुलींनी 'मी काय करू शकते' या अंगाने जास्त लिहिलं. खेळाडूला मादक रूपात दाखवणारे फोटो पाहिलेल्या मुलींनी 'मी कशी दिसते' या अंगाने जास्त लिहिलं. फोटो खेळाडूचेच होते. बदललं होतं ते दाखवणं, आणि तेवढ्याने मुलीची स्वतःकडे पाहण्याची नजर बदलली.

आपल्याकडे ती नजर घरापर्यंत जाते. खान्देशात मुलीचं कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवरून भावकीत फिरतं, काचेच्या फ्रेममध्ये लागतं. त्यात 'नाजूक बांध्याची' असं लिहिलेलं असेल, तर पुढच्या वर्षी खांदे भरले, मांड्या दणकट झाल्या की तीच मुलगी बिघडली असं घरच्यांना वाटतं आणि तिलाही. उन्हात खो-खो खेळणाऱ्या पोरीला 'काळी पडशील' हे तर बाराही महिने ऐकावं लागतं. मग मुलगी व्यायाम टाळते किंवा जेवण कमी करते. सरावाला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा खाणं बरेच दिवस कमी पडलं तर पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, पायाच्या नळीला बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव देऊन प्रशिक्षकांना सावध केलं. एका बातमीने हे होत नाही. पण घर, नातेवाईक आणि पेपर तिघंही एकच बोलायला लागले, की चौदा वर्षांच्या मुलीला दुसरं ऐकायला मिळत नाही. म्हणून पाळी चुकणं, सतत थकवा, नडगीचं न थांबणारं दुखणं या खुणा 'सडपातळ झाली, छान दिसते' या कौतुकाखाली झाकल्या जातात. क्रीडाशिक्षिका मुलींना रोज पाहतात, त्यांना या खुणा दिसतात. त्यांच्या फोनला नुसती तक्रार समजू नका, असं मला मनापासून सांगायचंय.

मग शरीराबद्दल लिहायचंच नाही का? लिहावं, पण ते खेळाला लागून यावं. सिंधूची उंची १.७९ मीटर आहे आणि त्यामुळे तिचा स्मॅश उंचावरून खाली येतो, हे लिहिणं क्रीडावर्णन आहे. डावखुरी, लांब हातांची, पायात चपळ, हे सगळं चालेल. विशेषण लिहिलंत की पुढे 'म्हणून' लिहून पाहा. 'डावखुरी, म्हणून तिची सर्व्हिस समोरच्याला उशिरा कळत होती' हे वाक्य पुरं होतं. 'हसऱ्या चेहऱ्याची, म्हणून...' याच्यापुढे सामन्यातलं काहीच येत नाही. तिथे विशेषण काढा.

तुमची बातमी मी अशी लिहीन. नमुना म्हणून आकडे माझ्या मनाचे घेतलेत, खरे तुम्ही भरा. 'मुलींच्या अंतिम सामन्यात तमुकने पहिला गेम गमावल्यावर १८-२१, २१-१६, २१-१९ असा विजय मिळवला. तिसऱ्या गेममध्ये ८-११ अशी मागे असताना तिने प्रतिस्पर्धीला बॅकहँडच्या कोपऱ्यात दाबून नेटजवळ ड्रॉप टाकायला सुरुवात केली आणि सामना फिरवला. ती आता विभागीय स्पर्धेत जळगाव जिल्ह्याकडून खेळेल.' तुमच्या वाक्यापेक्षा हे दोन ओळींनी लांब आहे, पण गावातला कुणीही वाचून सामना पाहिल्यासारखं सांगू शकेल. मथळ्यासाठी 'पिछाडीवरून धरणगावच्या तमुकची बाजी' पुरे. बाजी हा तुमचाच शब्द आहे आणि तो चांगला आहे. फोटोही बक्षीस घेतानाचा न घेता रॅकेट उचललेली असतानाचा मागा. शाळेतल्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये तो असतोच.

एक अडचण मला ठाऊक आहे. बातमीदार अंतिम सामन्याला हजर नसतो, निकाल फोनवर येतो आणि मुलींचा निकाल देणारा नुसतं नाव सांगतो. रिकामी जागा मग विशेषणांनी भरली जाते. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक सामन्याची गुणपत्रिका पंचांकडे असते, तिचा मोबाइलवर फोटो मागून घ्या. आणि क्रीडाशिक्षिकांना एकच प्रश्न विचारा, आपल्या अहिराणीतच विचारा, 'ती कशी खेयनी?'