ऑक्सिडेशनची पहिली चाचणी: आधी भागाकार, मग भट्टी

अंबडच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये नवीन लागलायस आणि मफल फर्नेस हाताशी आहे, झकास. सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या कर.

पहिली, पिलिंग-बेडवर्थ गुणोत्तर: तयार झालेल्या ऑक्साइडचं आकारमान भागिले त्यात खर्ची पडलेल्या धातूचं आकारमान. अ‍ॅल्युमिनाच्या एका मोलचं आकारमान साधारण 25.8 घन सेंमी, अ‍ॅल्युमिनियमच्या एका मोलचं 10. भागाकार 2.58 आला? चुकलं. Al₂O₃ मध्ये धातूचे दोन अणू आहेत, म्हणून 20 ने भागायचं, उत्तर 1.29. ही चूक नवखे हमखास करतात. गुणोत्तर 1 पेक्षा कमी असेल, जसं मॅग्नेशियमचं 0.81, तर थर धातूला पुरता झाकत नाही. जास्त असलं म्हणून थर टिकेलच असंही नाही, तेव्हा याला फार डोक्यावर घेऊ नकोस.

दुसरी गोष्ट वाढीच्या वेगाची. थर जाड होतो तसा आयनांचा रस्ता लांबतो आणि वेग मंदावतो. समज, निकेलच्या तुकड्याचं वजन 4 तासांत दर चौरस सेंमीला 1 मिग्रॅ वाढलं, तर 16 तासांत 4 नाही, 2 मिग्रॅ वाढेल. म्हणून वजनवाढीचा वर्ग वेळेसमोर मांड. सरळ रेषा यायला हवी. सुरुवातीचे बिंदू जरा इकडेतिकडे असतातच. पण नंतर रेषा खाली झुकली तर पापुद्रे उडताहेत का बघ. त्यासाठी तुकडा आधी भाजून घेतलेल्या अ‍ॅल्युमिना क्रूसिबलमध्ये ठेव आणि दोन्ही एकत्रच तोल.

तापमान बदलण्याचे प्रयोग नंतर.