प्रॉक्सीवर शार्प दिसलं म्हणजे शार्प आहेच असं नाही

प्रश्न: कॅमेऱ्याचं ४के, १० बिट एच.२६५ फुटेज टाइमलाइनवर अडखळतं. प्लेबॅक १/४ केला तरी जेमतेम फरक पडतो. प्रॉक्सी, म्हणजे त्याच फुटेजच्या हलक्या कॉपी, लावल्या की स्मूद चालतं, पण एका मुलाखतीत डोळे सॉफ्ट होते ते एक्स्पोर्ट करून मोठ्या स्क्रीनवर लावल्यावर कळलं. प्रॉक्सी किती साइजच्या कराव्यात आणि शार्पनेस नक्की कधी बघायचा?

---

१/४ करून फरक का पडत नाही ते आधी सांगतो, कारण तिथेच बरेच जण अडकतात. एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली नसते, बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवर अवलंबून असतात, त्यामुळे एक फ्रेम दाखवायला मागच्या कितीतरी उलगडाव्या लागतात आणि त्या पूर्ण ४के मध्येच उलगडाव्या लागतात. चित्र लहान करणं त्याच्या नंतर येतं. म्हणजे १/४ केल्याने इफेक्ट, कलर, लेयर यांचं ओझं कमी होतं पण डिकोडिंगचं तेवढंच राहतं. (आर३डी सारख्या रॉ फाइलचं तसं नाही, ती मुळातच कमी रिझोल्युशनला उलगडता येते, म्हणून रॉ वर काम करणारा माणूस तुम्हाला सांगतो की १/४ कर की झालं, आणि त्याच्याकडे ते खरंच चालतं.)

ओळखायची सोपी पद्धत, एकही इफेक्ट न लावता नुसती क्लिप नव्या टाइमलाइनवर टाका. तरीही अडखळली तर दोष बहुधा डिकोडिंगचा, प्रॉक्सी करा. नुसती नीट चालली आणि कलर-नॉइज रिडक्शन लावल्यावर बसली तर प्रिव्ह्यू रिझोल्युशन कमी करा, प्रॉक्सी करत बसू नका. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, प्रीमियरमध्ये Show Dropped Frame Indicator चालू करा, हिरवा ठिपका पिवळा झाला की फ्रेम गळतायत.

आता साइज. तुमच्या ४के ला मी सरळ अर्धी म्हणजे १९२०×१०८० ची प्रॉक्सी करेन, प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी मध्ये. या दोन्हींत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते म्हणून स्क्रबिंग लोण्यासारखं होतं, फाइल मोठी होते पण ते परवडतं. ९६०×५४० च्या प्रॉक्सी मी सोडून दिल्या, त्यात ढोबळ फोकससुद्धा कळत नाही. बाहेरून करायच्या असतील तर:

```
ffmpeg -i A012.MP4 -map 0:v:0 -map 0:a -vf scale=1920:-2 -c:v prores_ks -profile:v 0 -c:a copy A012_Proxy.mov
```

ऑडिओचे चॅनल ओरिजिनलइतकेच ठेवा, नाहीतर प्रीमियर प्रॉक्सी जोडायलाच नकार देतो.

आता तुमच्या मुलाखतीचं काय झालं असणार ते बघू. समजा फोकस कानावर बसला आणि पापणीची कड ४के मध्ये ६ पिक्सेलवर पसरली. अर्ध्या प्रॉक्सीत ती ३ पिक्सेल होते. तुमच्या एडिटिंगच्या खिडकीत चित्र साधारण ९६० पिक्सेल रुंद दिसत असेल, म्हणजे ४के चा चौथा हिस्सा, तिथे तोच पसारा दीड पिक्सेल. दीड पिक्सेलचा ब्लर कुणाला दिसणार? चित्र लहान केलं की ते आपोआप कडक दिसतं. आणि हे प्रॉक्सी बंद केली तरी होतं बरं का, खिडकी Fit वर असेल तर ओरिजिनलसुद्धा तितकंच खोटं बोलतं! प्रॉक्सीला उगाच एकटीला शिव्या बसतात.

याचाच दुसरा अर्थ असा की ९६० च्या खिडकीत Full ठेवून मशीन तापवण्यात काही अर्थ नाही. ३८४० च्या सीक्वेन्सला १/४ म्हणजे ९६०, खिडकीला जेवढे पिक्सेल लागतात तेवढेच. कट, टायमिंग, अभिनय सगळं १/४ वर बघा. उलट तीच १/४ सेटिंग ठेवून खिडकी फुलस्क्रीन केली तर चांगला शॉटही मऊ दिसतो आणि माणूस उगाच शार्पन लावायला धावतो. खोटं दोन्ही बाजूंनी आहे.

सगळ्यात फसवा प्रकार तिसराच. प्लेबॅक Full, झूम 100%, आणि प्रॉक्सी मात्र चालूच. सीक्वेन्स ३८४० चा असल्याने सॉफ्टवेअर १९२० ची प्रॉक्सी ताणून दाखवतं आणि आपल्याला वाटतं आपण ओरिजिनल बघतोय. मी एकदा अख्खी संध्याकाळ अशा ताणलेल्या चित्रावर शार्पन बसवत घालवली होती, एक्स्पोर्टमध्ये केसांच्या कडेला पांढऱ्या रेघा! तेव्हापासून एक सवय लागली, केस किंवा कापडाच्या विणीवर झूम करायचा आणि Toggle Proxies दाबायचं. चित्र बदललं पाहिजे. बदललं नाही तर प्रॉक्सी नीट जोडलेली नाही किंवा तो शॉट इतका सॉफ्ट आहे की ओरिजिनलमध्येही जास्तीचं काही नाही, आणि हे दुसरं उत्तर एरवी कुणी इतकं स्पष्ट देत नाही. रिझॉल्व्हमध्ये हेच Playback > Proxy Handling > Prefer Camera Originals ने होतं.

मग शार्पनेस कधी बघायचा? मी दोनदाच बघतो. पहिल्यांदा एडिट सुरू व्हायच्या आधी, शॉट निवडताना, ओरिजिनलवर, पॉज करून, १०० टक्के झूमला, फक्त डोळ्यांपाशी. प्ले करायची गरजच नाही त्यामुळे मशीन कितीही जुनं असलं तरी चालतं. प्रीमियरमध्ये Playback Resolution १/४ ठेवून Paused Resolution वेगळं Full करता येतं, ते करून ठेवाच. एका फ्रेमवर निकाल देऊ नका, पाच-सहा फ्रेम पुढे-मागे करा, कारण माणूस मान हलवतो आणि तो मोशन ब्लर फोकससारखाच वाटतो. मोशन ब्लर एका दिशेला ओढलेला असतो, माणूस स्थिर झाला की जातो. फोकसचा ब्लर सगळ्या दिशांना सारखा आणि स्थिर फ्रेममध्येही तसाच. संशय आला की मार्कर टाकायचा आणि तो शॉट नाइलाज असेल तरच वापरायचा.

दुसऱ्यांदा एडिट लॉक झाल्यावर, पण यावेळी १०० टक्के झूमवर नाही तर ज्या साइजला देणार त्या साइजला. व्हिडिओ १०८० मध्ये जाणार असेल तर ४के मधला २ पिक्सेलचा ब्लर १ पिक्सेल होतो, तो शॉट बिनधास्त वापरा, १०० टक्क्यांवर बघून घाबरून टाकून देऊ नका. तुमचा ६ वाला मात्र १०८० मध्येही ३ राहतो, तो मोठ्या स्क्रीनवर दिसणारच. आणि क्रॉप केला असेल तर हिशोब पुन्हा करा, १०८० टाइमलाइनवर ४के चा शॉट दुप्पट आत घेतला की एकास एक पिक्सेल झाला, सगळी सवलत संपली. यासाठी मार्करवाल्या जागांचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे खऱ्या एक्स्पोर्ट सेटिंगने काढतो, प्रॉक्सी वापरण्याची टिक नाही ना ते बघतो (रिझॉल्व्हमध्ये Use proxy media), आणि एडिटरच्या बाहेर फुलस्क्रीन लावून नेहमीच्या अंतरावरून बघतो.

शार्पन आणि नॉइज रिडक्शन प्रॉक्सीवर ठरवूच नका. लहान करताना आणि कॉम्प्रेस होताना ग्रेन निम्माशिम्मा जातो, चित्र साफ वाटतं, आणि तुम्ही लावलेलं शार्पन ओरिजिनलमध्ये त्या ग्रेनलाच धार लावतं. ते दोन इफेक्ट एडिट चालू असताना बंद ठेवा, प्लेबॅकही हलका होईल, आणि शेवटी ओरिजिनलवर एका स्थिर फ्रेमवर लावा.