‘गटार’ला समानार्थी शब्द कोणता?

प्रश्न: मुंबईतल्या नागरी कामांची मराठी परिपत्रकं शोधता यावीत म्हणून आम्ही छोटी शोधसोय केली आहे. लोक ‘गटार तुंबलं’ असं टाकतात आणि हाती काहीच लागत नाही. ‘गटार’चे समानार्थी शब्द सांगाल का? यादीत घालून टाकतो.

उत्तर: ‘गटार’ला कागदोपत्री एकच जोडीदार नाही, दोन आहेत. रस्त्याकडेचं पावसाचं पाणी वाहून नेते ती पर्जन्य जलवाहिनी आणि संडास-मोरीचं सांडपाणी नेते ती मलनिःसारण वाहिनी. मुंबईत या दोन्ही व्यवस्था वेगळ्या आहेत, त्यांची खातीही वेगळी. चाळीतला माणूस मात्र दोन्हींना गटारच म्हणतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून शोधताना दोन्ही नावं जोडा, पण बाण एकाच दिशेचा ठेवा:

```
गटार => गटार, पर्जन्य जलवाहिनी, मलनिःसारण वाहिनी
```

उलटा बाण नको. ज्यानं ‘मलनिःसारण वाहिनी’ असं नेमकं लिहिलं, त्याला काय हवंय ते ठाऊक आहे. त्याला ‘गटार’कडे वळवलंत तर पावसाळी कामांची परिपत्रकंही त्याच्या गळ्यात पडतील.

खरी गोम पुढे आहे. ‘पर्जन्य जलवाहिनी’ हे दोन शब्द सुटे पडले की नुसत्या ‘जलवाहिनी’वरही कागद जुळतात, आणि जलवाहिनी म्हणजे तर पिण्याच्या पाण्याची! गटाराची तक्रार घेऊन आलेल्या माणसापुढे ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद’ अशा सूचनांची रांग लागते. यादी बिघडली हे ओळखायची हीच खूण. म्हणून जोडशब्द अवतरणात धरा आणि त्यांचं वजन मूळ शब्दापेक्षा कमी ठेवा:

```
गटार OR "पर्जन्य जलवाहिनी"^0.5 OR "मलनिःसारण वाहिनी"^0.5
```

0.5 हा आकडा काही शास्त्रवचन नव्हे. लोकांनी खरोखर टाकलेले शोध घ्या, वरचे दहा निकाल डोळ्यांनी वाचा आणि मग तो कमीजास्त करा. ‘संडास चोकअप’ असं कुणी लिहिलं तर तिथे शंकेला जागा नाही, थेट मलनिःसारणाकडे पाठवा. ‘नाला’ मात्र या यादीत कोंबू नका. गटार नाल्याला मिळतं, म्हणून ते दोन्ही एक होत नाहीत, आणि नालेसफाईचे कागद इतके निघतात की बाकीचं सगळं त्यांच्याखाली गाडलं जाईल.

शिवाय परिपत्रकात ‘जलवाहिन्या’, ‘जलवाहिन्यांची’ अशी रूपं येतात. यंत्रणा ती मूळ रूपावर आणत नसेल तर ती हातानं लिहावी लागतील. आणि मलनिःसारणातला विसर्ग एकदा तपासाच. पुष्कळ टंकलेखक तिथे विसर्गाऐवजी अपूर्णविराम देतात, कुणी ‘मलनिस्सारण’ लिहितं. विसर्ग आणि अपूर्णविराम यांतला फरक तर डोळ्यांनाही जाणवत नाही, पण संगणकाच्या लेखी ते तीन निराळे शब्द. ही तिन्ही लेखनं आधी एका रूपात आणा, यादीचं काम त्यानंतर.